एक बिल, चार टेबलं: अकाउंट्समधली चार वेगळी कामं

या भागाला एका प्रश्नातून सुरुवात करतो. तो मला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात आणि त्यांचे पालकही विचारतात. "अकाउंट्समध्ये जायचंय, पण नक्की काय करू? टॅली शिकून नोकरी धरू, सीएमए करू, सीए करू, की टॅक्सच्या ऑफिसात बसू?" प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एक शिडी असते. खालच्या पायरीवर हिशेब लिहिणारा आणि सगळ्यात वर सीए. म्हणजे काम एकच, फक्त पायरी वेगळी.

माझं म्हणणं असं, की ही शिडी नाही. एका खोलीत चार टेबलं मांडली आहेत असं समजा. एकच कागद चारही टेबलांवर जातो आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस त्याला वेगळा प्रश्न विचारतो. कोणतं टेबल निवडायचं, म्हणजे कोणता प्रश्न पुढची वीस-तीस वर्षं रोज विचारायचा, हे ठरवायचं. मी स्वतः कॉस्टिंगचा माणूस आहे, त्यामुळे माझा थोडा कल त्या बाजूला दिसेल. तेवढं सांभाळून घ्या.

आज आपण एकच बिल घेऊ आणि ते चारही टेबलांवर फिरवू. उदाहरण मी रचलेलं आहे, आकडे तोंडी हिशेबाला सोपे पडावेत असे घेतलेत. पण असं बिल भोसरीत, साताऱ्यात, नाशिकच्या अंबडमध्ये दर मार्चला कुठे ना कुठे येतंच.

तर समजा, भोसरीत एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. नऊ सीएनसी लेथ आहेत आणि गाड्यांना लागणाऱ्या पिना बनतात. मार्च २०२५ मध्ये एका लेथचा स्पिंडल गेला. स्पिंडल म्हणजे जॉब धरून फिरवणारा मुख्य दांडा. तो खराब झाला की मशीन उभं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो एकटाच मालक असलेला छोटा उद्योजक आहे, उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग. स्पिंडल बदलून मशीन चालू करून देण्याचे त्याने एकरकमी ३ लाख रुपये सांगितले. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार. एकूण बिल ३ लाख ५४ हजारांचं, तारीख २८ मार्च.

पहिलं टेबल: हे कुठे लिहायचं?

बिल आधी येतं अकाउंटंट मॅडमकडे. इंग्रजीत ज्याला बुककीपर म्हणतात, ते हे काम. आपल्याकडे जाहिरातीत 'अकाउंटंट' असं लिहितात. बिल कागदावर येत नाही, ते मालकांच्या व्हॉट्सअॅपवरून येतं आणि खाली निरोप असतो, "मॅडम, हे मार्चमध्येच टाका. यंदा प्रॉफिट जरा जास्त दिसतंय."

मॅडमचा प्रश्न सरळ आहे: हे कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर लिहायचं, आणि त्याला आधार म्हणून कोणता कागद आहे? बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर बरोबर आहे का, ऑर्डरमध्ये ठरलेली रक्कम हीच आहे का, हे त्या बघतात. मग नोंद होते. दुरुस्ती खातं नावे ३ लाख. जीएसटीचे केंद्र आणि राज्य असे दोन भाग, प्रत्येकी २७ हजार, तेही नावे. दुरुस्तीचं काम कंत्राटात मोडतं आणि समोरचा माणूस व्यक्ती आहे, म्हणून ३ लाखांवर १ टक्का टीडीएस, म्हणजे ३ हजार, सरकारला देणं म्हणून जमा. उरलेले ३ लाख ५१ हजार दुरुस्तीवाल्याच्या खात्यात जमा. दोन्ही बाजू ३ लाख ५४ हजारांना जुळल्या.

इथपर्यंत टॅली येणारा कोणीही पोचतो. चांगला अकाउंटंट ओळखायचा तो पुढच्या एका ओळीवरून. मॅडमनी नोंदीखाली शेरा लिहिला: "सर्व्हिस रिपोर्ट आणि माल आवक नोंद येणे बाकी." बिल आलं होतं, पण स्पिंडल गेटमधून आत आल्याचा कागद त्यांच्या हातात नव्हता. मालकांशी वाद घालणं त्यांना शक्य नव्हतं, पण जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहून ठेवणं त्यांच्या हातात होतं. पुढे या एका ओळीने बरंच काम केलं.

या कामाला महिन्याचा ठोका असतो. ७ तारखेला आधीच्या महिन्याचा टीडीएस भरायचा. मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत चालतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेला विक्रीचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेला कर भरायचं जीएसटीआर-३बी. मधल्या दिवसांत बँकेचं पासबुक आणि आपलं बँक खातं जुळवायचं, पगार काढायचे, येणी-देणी बघायची. कायद्याने यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. बीकॉम आणि हातात सफाई असली की नोकरी मिळते.

धोका कुठे आहे तेही सांगतो. काही ठिकाणी तीन-तीन वर्षं माणूस फक्त विक्रीची बिलं टाकत बसतो. अनुभव तीन वर्षांचा म्हणायचा, पण खरं तर एकच महिना छत्तीस वेळा झालेला असतो. ओळखायची खूण अशी: बँक जुळवणी तुमच्याकडे आहे का? वर्षअखेरीचा ताळेबंद तयार होताना तुम्ही तिथे बसता का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही डेटा एन्ट्री करताय, हिशेब लिहीत नाही.

दुसरं टेबल: एका पिनेला कितीला पडलं?

आता तेच बिल कॉस्ट अकाउंटंटकडे. एवढ्या छोट्या कंपनीत तो पूर्णवेळ नसतो, महिन्यातून दोन दिवस येतो. त्याच सुमाराला एका गिऱ्हाइकाने पिनेसाठी ४९ रुपये भाव देऊ केला होता. घ्यायचा की नाही?

मालकांचा हिशेब पाठ होता. कच्चा माल २२ रुपये. मशीनचा दर तासाला ४०० आणि तासाला २० पिना, म्हणजे २० रुपये. तपासणी, पॅकिंग, वाहतूक ४ रुपये. एकूण ४६. "पण आता हे तीन लाख बसले ना! महिन्याला साठ हजार पिना निघतात. तीन लाख भागिले साठ हजार, पाच रुपये. म्हणजे ५१ ला पडते. ४९ ला कशी देणार? नको ती ऑर्डर."

कॉस्टवाल्याचा प्रश्न वेगळा आहे: हा खर्च नक्की कोणत्या पिनांसाठी झाला? साठ हजार पिना नऊ मशीनवर निघतात. स्पिंडल एका मशीनचा बदलला. जी पिन त्या मशीनला कधी लागलीच नाही, तिच्यावर या स्पिंडलचा भार कशाला? आणि नवा स्पिंडल काही एका महिन्यात संपणार नाही. दोन पाळ्यांत हे मशीन वर्षाला साधारण ४ हजार तास चालतं. स्पिंडल तीन वर्षं टिकेल असं धरलं तर १२ हजार तास. ३ लाख भागिले १२ हजार, म्हणजे तासाला २५ रुपये. तासाला २० पिना, म्हणजे पिनेमागे सव्वा रुपया, तोही त्याच मशीनवरच्या पिनेला. ५४ हजारांचा जीएसटी यात धरायचाच नाही, कारण तो क्रेडिट म्हणून परत मिळणार आहे.

म्हणजे पिन ५१ ला नाही, ४७ रुपये २५ पैशांना पडते. ४९ ला दिली तर पावणेदोन रुपये सुटतात. ऑर्डर घ्यायची.

पण तो इथे थांबत नाही, आणि थांबूही नये. 'तीन वर्षं' हा अंदाज आहे. स्पिंडल निम्म्या तासांतच, म्हणजे ६ हजार तासांत गेला, तर भार सव्वाचा अडीच रुपये होतो, पिन साडेअठ्ठेचाळीसला पडते आणि हातात जेमतेम पन्नास पैसे राहतात. म्हणून तो मशीनचं लॉगबुक मागतो. जुना स्पिंडल किती तास चालला होता? अंदाज खरा की खोटा, हे कळायची तीच एक जागा आहे.

आणखी एक गोष्ट फक्त हेच टेबल बघतं. मशीन दहा दिवस बंद होतं. रोजचे १३ तास धरले तर १३० तास. मशीनच्या ४०० रुपयांच्या दरात समजा २५० रुपये असे आहेत, की मशीन बंद असलं तरी लागतातच: ऑपरेटरचा पगार, जागेचं भाडं, घसारा. १३० गुणिले २५०, म्हणजे ३२ हजार ५०० रुपये. याचं बिल कोणी पाठवत नाही, म्हणून हिशेबाच्या वहीत 'मशीन बंद' असं खातं कधी दिसत नाही. कॉस्टवाला ही रक्कम पिनेवर लादत नाही. ती वेगळी काढून मालकांसमोर ठेवतो आणि विचारतो, एक स्पिंडल आधीच आणून ठेवला असता तर परवडला असता का?

कॉस्ट अकाउंटिंगचे स्वतःचे मानक आहेत. त्यातलं बारावं दुरुस्ती-देखभालीच्या खर्चाबद्दल आहे. मोठी दुरुस्ती असेल तर ती योग्य आधारावर पुढच्या काळात वाटावी, आणि अपघातासारखा असाधारण खर्च उत्पादनाच्या किमतीत धरू नये, असा त्याचा रोख आहे. म्हणजे हाच स्पिंडल झिजून न जाता ऑपरेटरने टूल धडकवल्यामुळे मोडला असता, तर तो सव्वा रुपयाही पिनेवर चढला नसता. तो सरळ तोटा.

या कामाची पदवी सीएमए. ती देते ती संस्था १९५९ च्या कायद्याने चालते. फाउंडेशन, इंटरमिजिएट, फायनल असे तीन टप्पे आणि सोबत प्रत्यक्ष प्रशिक्षण. ठरावीक उद्योगांतल्या मोठ्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १४८ खाली कॉस्ट रेकॉर्ड ठेवावे लागतात, काहींना कॉस्ट ऑडिटही करून घ्यावं लागतं. ते ऑडिट कॉस्ट अकाउंटंटच करतो. बाकी बहुतेक नोकऱ्या कारखान्यांत असतात. शॉप फ्लोअरवर उभं राहून "हा जॉब मशीनवर किती वेळ असतो हो?" असं विचारायचा कंटाळा असेल, तर हे टेबल तुमचं नाही. एसीत बसून काढलेला मशीन अवर रेट पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

तिसरं टेबल: हे खरं आहे का?

जुलै उजाडला. ऑडिट सुरू झालं. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं. सीएच्या ऑफिसातून दोन आर्टिकल्स आणि एक सीनियर येतात.

ऑडिटर सगळी बिलं बघत नाही. त्याला ते शक्य नसतं आणि ती अपेक्षाही नसते. तो निवडतो. मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा पहिला आठवडा हमखास निवडतो, कारण वर्षाच्या कुंपणावरून खर्च आणि विक्री इकडे-तिकडे उड्या मारतात त्या याच दिवसांत. याला कट-ऑफ तपासणं म्हणतात. शिवाय या कंपनीचा दुरुस्तीचा खर्च महिन्याला ४० हजारांच्या आसपास असायचा आणि मार्चमध्ये एकदम ३ लाखांचं एक बिल उभं होतं. तिथे नजर जाणारच.

त्याचा प्रश्न: हे घडलं का, आणि याच वर्षात घडलं का? बिल बघितलं, बरोबर. दुरुस्तीवाल्याला पत्र पाठवून बाकी विचारली. त्यानेही ३ लाख ५१ हजार येणं आहे असं कळवलं, तारीख २८ मार्च. कागद जुळला. नवखा आर्टिकल इथे टिक मारून पुढे जातो. पण सीनियरने मॅडमचा शेरा वाचला, "सर्व्हिस रिपोर्ट येणे बाकी", आणि गेटचं रजिस्टर मागवलं. स्पिंडल आत आला होता ४ एप्रिलला. सर्व्हिस रिपोर्टवर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि सही ६ एप्रिलची. लॉगबुकमध्ये मशीन त्याच दिवसापासून चालू.

दुरुस्तीवाल्याने बिल मार्चमध्ये फाडलं, कारण त्यालाही त्याचं वर्ष भरलेलं दाखवायचं होतं. म्हणून त्याची आणि कंपनीची वही एकमेकींशी जुळत होती आणि घडलेल्या गोष्टीशी दोन्ही जुळत नव्हत्या. ऑडिट म्हणजे आकडे जुळवणं नव्हे, ते इथे कळतं. ज्या कागदाचा हिशेबाशी संबंध नाही, जो वॉचमनने गेटवर लिहिला आहे, तो बहुतेक वेळा सगळ्यात विश्वासू असतो.

मग किती गंभीर? समजा कंपनीचा करापूर्वीचा नफा ४० लाख आहे. ऑडिटर बरेचदा नफ्याच्या ५ टक्क्यांसारखी एक रेघ आखून घेतात. हा कायदा नाही, कामाचा अंदाज आहे. ५ टक्के म्हणजे २ लाख. चूक ३ लाखांची, रेघेच्या वर. म्हणून तो कंपनीला सांगतो, हा खर्च २०२४-२५ मधून काढा, तो पुढच्या वर्षाचा आहे. कंपनीने काढला तर विषय संपला. नाहीच काढला, तर तो आपल्या अहवालात तसं लिहितो, आणि तो अहवाल बँकही वाचते.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ही नोंद ऑडिटर स्वतः दुरुस्त करत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४४ ने ऑडिटरला त्याच कंपनीचे हिशेब लिहायला मनाई आहे. स्वतः लिहिलेलं स्वतःच तपासून "बरोबर आहे" म्हणण्यात अर्थ नसतो. म्हणून मघाशी मी म्हटलं की ही शिडी नाही. ऑडिटर हा वरच्या पायरीवरचा अकाउंटंट नाही. तो मुद्दाम दुसऱ्या टेबलावर बसवलेला माणूस आहे.

कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही करायचा अधिकार फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था ही परीक्षा घेते. तीन टप्पे आणि मध्ये आर्टिकलशिप, जी नव्या योजनेत दोन वर्षांची आहे. काम फिरतीचं. आज भोसरी, पुढच्या आठवड्यात चिपळूणची बँक शाखा. एप्रिल ते सप्टेंबर श्वास घ्यायला उसंत नसते. आणि रोज अशा लोकांत बसायचं असतं, ज्यांना तुम्ही लवकर जावं असं वाटतं. शांत चेहऱ्याने "गेट रजिस्टर बघू का जरा?" असं तिसऱ्यांदा विचारता आलं पाहिजे.

चौथं टेबल: कायदा याला काय म्हणतो?

शेवटचं टेबल कर सल्लागाराचं. बिल खरं आहे हे ठरलं, एप्रिलचं आहे हेही ठरलं. आता त्याचा प्रश्न: कायद्याच्या भाषेत हे काय आहे, आणि उद्या नोटीस आली तर आपण काय दाखवणार? हा व्यवहार २०२५ च्या मार्च-एप्रिलमधला, म्हणून मी १९६१ च्या आयकर कायद्याचीच कलमं सांगतोय. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदललेत.

पहिला मुद्दा, ही दुरुस्ती की नवी मालमत्ता? दुरुस्ती असेल तर पूर्ण ३ लाख त्याच वर्षी वजा. नवी यंत्रसामग्री ठरली तर साधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे पहिल्या वर्षी फक्त ४५ हजार. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरवणा स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात सूतगिरणीतली रिंग फ्रेम बदलणं ही चालू दुरुस्ती मानली नाही, कारण रिंग फ्रेम हे स्वतःच एक स्वतंत्र मशीन आहे. सल्लागार विचार करतो: आपल्याकडे अख्खा लेथ बदलला का? नाही. एका लेथचा एक भाग बदलला, लेथ तोच, क्षमता तीच. म्हणजे दुरुस्ती. बिलावर "स्पिंडल बदलून मशीन दुरुस्ती" असंच लिहून घ्या, असं तो सांगतो. "मशीन अपग्रेड" असं लिहिलं असतं तर उगाच वाद उभा राहिला असता.

दुसरा मुद्दा जीएसटीचा. बिल मार्चचं असल्यामुळे ते पोर्टलवर मार्चच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसत होतं. पण माल किंवा सेवा मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. मॅडमनी २० एप्रिलच्या आत फोन करून विचारलं होतं. त्याने सांगितलं, मार्चच्या रिटर्नमध्ये घेऊ नका, एप्रिलच्या रिटर्नमध्ये घ्या. ५४ हजार एक महिना उशिरा मिळाले, पण व्याजाची भीती राहिली नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात बोलका वाटतो. दुरुस्तीवाला सूक्ष्म उद्योग आहे. अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून कलम ४३बी मध्ये भर पडली आहे: मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे खरंच दिले त्या वर्षीच वजा होतो. आपल्या कंपनीने पैसे दिले जुलैमध्ये. आता मालकांची मार्चमधली घाई आठवा. समजा काम खरोखर २८ मार्चला झालं असतं, तरी ४५ दिवस १२ मेच्या आसपास संपले असते, पैसे जुलैत गेले, म्हणजे २०२४-२५ मध्ये या तीन लाखांची वजावट मिळालीच नसती. करात साधारण पाऊण लाख वाचवायला म्हणून बिल मार्चमध्ये टाकायला लावलं, आणि तो पाऊण लाख त्या वर्षी वाचणारच नव्हता. हे मार्चमध्येच एका फोनवर कळलं असतं. शिवाय उशिराबद्दल दुरुस्तीवाला बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागू शकतो, आणि ते व्याज करातून वजाही होत नाही.

कर सल्लागाराला एकच एक पदवी नाही. सीए असतात, वकील असतात, सीएमए असतात. बीकॉम होऊन ठरलेली परीक्षा आणि नोंदणी करून जीएसटी प्रॅक्टिशनर झालेलेही असतात. आयकराच्या टॅक्स ऑडिटवर सही मात्र सीएचीच लागते. या कामात वाचन फार. फेब्रुवारीत बजेट, मग दुरुस्त्या, परिपत्रकं, निकाल. आणि लिहिणंही फार. नोटिशीला उत्तर देताना चार ओळींत मुद्दा मांडता आला पाहिजे. आकडेमोड बेताची असली तरी चालते, पण 'दुरुस्ती' या एका शब्दावर अर्धा दिवस घालवायची तयारी हवी.

मग निवडायचं कसं?

एकदा उजळणी करू. तीन लाख रुपये. अकाउंटंट मॅडमना ते २८ मार्चच्या बिलावरचे तीन लाख होते. कॉस्टवाल्याला ते १२ हजार तासांवर पसरलेले सव्वा-सव्वा रुपये होते, तारखेशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. ऑडिटरला फक्त तारखेशीच देणंघेणं होतं. आणि कर सल्लागाराला एक शब्द आणि पैसे दिल्याचा दिवस महत्त्वाचा वाटला. चौघांचीही उत्तरं बरोबर आहेत, कारण चौघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पदाच्या नावावर जाऊ नका. जाहिरातीत सगळीकडे 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' असंच लिहिलेलं असतं. सरळ विचारा, "माझ्या टेबलावर रोज कोणते कागद येतील?" बिलं आणि बँक स्टेटमेंट म्हणाले, तर पहिलं टेबल. जॉब कार्ड, लॉगबुक, मटेरियल इश्यू स्लिप म्हणाले, तर दुसरं. "वेगवेगळ्या क्लायंटकडे जावं लागेल" म्हणाले, तर तिसरं. नोटिसा आणि पोर्टल म्हणाले, तर चौथं.

टेबल बदलताही येतं, पण काही बदल सोपे आणि काही अवघड. पहिल्या टेबलावरून चौथ्याकडे, जीएसटीच्या वाटेने, बरेच जण सरकतात. आर्टिकलशिपमध्ये तिसरं आणि चौथं दोन्ही बघायला मिळतात. दुसऱ्या टेबलावर मात्र कारखान्यात काही काळ काढल्याशिवाय नीट बसता येत नाही, मग पदवी कोणतीही असो. आणि तिसऱ्यावर सही करायची तर सीए पूर्ण करावंच लागतं, तिथे आडवाट नाही.

तुमच्या हाताशी दुकानाचं, वर्कशॉपचं एखादं मोठं बिल असेल तर एक करून बघा. त्याच्यावर हे चार प्रश्न लिहा आणि उत्तरं शोधायला लागा. कोणत्या प्रश्नावर चहा गार झाला तरी कळलं नाही, ते टेबल बहुधा तुमचं.

पुढच्या भागात मशीन अवर रेट कसा काढतात ते सावकाश, एकेक खर्च घेऊन बघू. आज इथेच थांबतो. नमस्कार.